गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला का सांगतात? गाऊट सापडला तरी जंतुसंसर्ग असू शकतो

रात्री झोपताना गुडघा बरा होता आणि सकाळी उठेपर्यंत टम्म सुजला. हात लावला तर गरम लागतो, पाय टेकवत नाही. अशा वेळी घरात पहिलं वाक्य निघतं ते ‘युरिक अ‍ॅसिड वाढलं असेल’. मग रक्त तपासून घ्यायचं, मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणायच्या आणि चार दिवस वाट बघायची. मात्र सूज जंतुसंसर्गाची असेल, तर या चार दिवसांतच सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, खराब होऊ लागतं. ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. म्हणून डॉक्टर सुईने गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला सांगतात.

हे नेमकं कसं चालतं, ते एका उदाहरणातून पाहू.

एक उदाहरण

समजा, 58 वर्षांचे एक शेतकरी आहेत. त्यांना मधुमेह आहे. पायाचा अंगठा याआधी दोनदा गाऊटने सुजला होता. टाचेला भेग पडून जखम झाली आहे, पण तिकडे कोणाचं लक्ष नाही. आता उजवा गुडघा सुजलाय आणि 101 ताप आहे. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड 6.1 आलं, म्हणजे जवळपास नॉर्मल.

या रिपोर्टवरून काहीच ठरत नाही. गाऊटचा झटका चालू असताना रक्तातलं युरिक अ‍ॅसिड नॉर्मल दिसू शकतं. उलट अनेकांचं युरिक अ‍ॅसिड वाढलेलं असतं, तरी त्यांना कधी गाऊट होत नाही. खरं काय ते सांध्याच्या आतच कळतं.

पाणी काढताना

जागा जंतुनाशकाने स्वच्छ करून आणि बधिर करून सुईने पाणी ओढतात. काम काही मिनिटांचं असतं. ‘एकदा पाणी काढलं की सवय लागते’ असं गावात म्हणतात, ते खरं नाही. पाणी पुन्हा भरतं ते आतला आजार तसाच राहिल्यामुळे.

निरोगी गुडघ्यात वंगणासारखं पाणी असतंच, पण ते जेमतेम दोन-चार मिली. रंग फिकट पिवळा, काचेसारखं स्वच्छ आणि मधासारखी तार सुटणारं. आपल्या उदाहरणात 30 मिली निघालं. ते गढूळ होतं, पातळ होतं, तार सुटत नव्हती. आत दाह आहे हे तिथेच कळलं, पण कशामुळे ते कळलं नाही.

मग पाण्याचे भाग केले जातात. पेशी मोजायला एक नळी, खडे बघायला थोडं पाणी आणि जंतू वाढवून बघण्यासाठी, म्हणजे कल्चरसाठी, निर्जंतुक डबी किंवा बाटली. नमुना लगेच लॅबमध्ये जावा लागतो. उशीर झाला तर पेशी फुटून आकडा कमी येतो. कल्चरचा नमुना फ्रीजमध्येही ठेवत नाहीत.

खडे कसे ओळखतात?

1961 साली अमेरिकेत मॅकार्टी आणि हॉलंडर या डॉक्टरांनी गाऊटच्या सांध्यातले युरेटचे खडे ध्रुवीभूत प्रकाशात ओळखून दाखवले. आजही तीच पद्धत आहे. मायक्रोस्कोपमध्ये पाण्याच्या थेंबाखाली एक आणि वर एक अशा दोन खास काचा बसवतात. त्या एकमेकींना आडव्या फिरवल्या की सगळं काळं दिसतं. पण मध्ये खडा असेल तर तो प्रकाशाची दिशा बदलतो आणि अंधारात चमकतो.

त्यात आणखी एक काच टाकली की रंग दिसतात. गाऊटचे, म्हणजे युरेटचे, खडे सुईसारखे लांब असतात आणि ठळक चमकतात. त्या काचेवरच्या खुणेच्या रेषेला समांतर असले की पिवळे, आडवे असले की निळे. दुसरा प्रकार पायरोफॉस्फेटचा. हा त्रास बहुतेक वयस्कर माणसांत, विशेषतः गुडघ्यात होतो. हे खडे आखूड, चौकटीसारखे किंवा कांडीसारखे असतात आणि रंग बरोबर उलटे, म्हणजे समांतर असताना निळे. ते फार मंद चमकतात, त्यामुळे घाईत नजरेतून सुटतात.

आपल्या शेतकऱ्याच्या पाण्यात सुईसारखे पिवळे खडे सापडले. काही तर पांढऱ्या पेशींच्या पोटात होते. गाऊट नक्की झाला. नातेवाईक म्हणाले, ‘चला, निदान झालं, आता घरी जाऊ.’ पण डॉक्टरांनी थांबवलं, कारण पेशींचा आकडा अजून यायचा होता.

आकडा काय सांगतो?

पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. निरोगी सांध्याच्या पाण्यात त्या एका घन मिलिमीटरला 200 पेक्षा कमी असतात. गाऊटमध्ये काही हजारांपासून 50,000 पर्यंत जातात. 50,000 च्या वर गेल्या आणि त्यात न्यूट्रोफिल नावाच्या पेशी बहुसंख्य असल्या, तर जंतुसंसर्गाचा संशय बळावतो.

इथे पाणी 20 पट पातळ करून मोजणीच्या काचेवर घेतलं. चार मोठ्या चौकोनांत मिळून 1,240 पेशी दिसल्या. या पद्धतीत त्याला 50 ने गुणतात. आकडा आला 62,000, त्यात न्यूट्रोफिल 92 टक्के.

पाणी पातळ करताना एक चूक होऊ शकते. रक्ताच्या पांढऱ्या पेशी मोजायला लॅबमध्ये अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड असलेलं द्रावण वापरतात. तेच सांध्याच्या पाण्यात टाकलं तर पाणी दह्यासारखं गोठतं, पेशी गाठीत अडकतात आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणून इथे साधं सलाइन वापरतात.

50,000 ही काही पक्की रेघ नाही. नुसत्या गाऊटमध्येही आकडा त्यापुढे जाऊ शकतो, आणि संसर्ग नुकताच सुरू झाला असेल तर कमीही असतो. कृत्रिम सांधा बसवलेला असेल तर 3,000 सुद्धा चिंतेचे ठरतात. त्यामुळे ताप, जखम, मधुमेह हे सगळं धरूनच डॉक्टर निर्णय घेतात.

‘जंतू दिसले नाहीत’ म्हणजे नाहीत असं नाही

पाण्याचा थेंब रंगवून जंतू बघतात, त्याला ग्रॅम स्टेन म्हणतात. इथे त्यात काही दिसलं नाही. संसर्ग असलेल्या बऱ्याच रुग्णांमध्ये असंच होतं. तरी डॉक्टरांनी रुग्णाला दाखल करून घेतलं, कल्चरचे नमुने गेल्यावर शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं आणि सांधा धुऊन काढला. दोन दिवसांनी कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस हा जंतू वाढला. टाचेच्या भेगेतून रक्तात गेलेला जंतू गाऊटने आधीच सुजलेल्या गुडघ्यात जाऊन बसला होता. आजार एक नव्हता, दोन होते.

खडे बघून घरी गेले असते तर? आणि कोणी ‘गाऊटच आहे’ म्हणून गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं असतं, तर जंतूंना रानच मोकळं झालं असतं.

दवाखान्यात काय सांगावं, काय विचारावं?

एकच सांधा अचानक सुजून गरम झाला असेल, त्यात ताप असेल, तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा जिल्हा रुग्णालयात जावं. मधुमेह, जुनी जखम, आधी घेतलेलं इंजेक्शन, सगळं सांगावं. अँटिबायोटिकची गोळी घेतली असेल तर तिचं पाकीट दाखवावं, कारण औषध आधी पोटात गेलं की कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत आणि रिपोर्ट फसवा येऊ शकतो. पाणी काढलं तर ते पेशी, खडे आणि कल्चर या तिन्हींसाठी पाठवलं का, हे विचारावं. मात्र रुग्णाची तब्येत फार खालावली असेल, तर अँटिबायोटिक आधी की नमुना आधी, हे डॉक्टरांवर सोडावं.