लॉगच्या कंसात दडलेली रेंज

गेल्या आठवड्यात साधा log₃ x पाहिला. तिथे x धन हवा एवढीच अट होती आणि उत्तर मात्र कुठलीही वास्तव संख्या येऊ शकत होती. आज त्या x च्या जागी वर्गराशी बसवू:

f(x) = log₃(8 + 2x − x²)

डोमेन बहुतेकांना जमतं. कंसातली राशी शून्यापेक्षा मोठी हवी. तिचे अवयव (4 − x)(2 + x), म्हणून x हा −2 आणि 4 यांच्या मधे हवा. टोकं धरायची नाहीत, कारण तिथे कंस शून्य होतो आणि शून्याला लॉग नसतो.

गाडी अडते ती रेंजपाशी. ‘लॉगची रेंज म्हणजे सगळ्या वास्तव संख्या’ हे पाठ झालेलं वाक्य इथेही लिहून टाकलं जातं. ते खरं मानलं तर f(x) = 3 कुठेतरी मिळायला हवं आणि त्यासाठी कंसात 27 यायला हवेत. येतात का? दहावीतला पूर्ण वर्ग आठवा: 8 + 2x − x² = 9 − (x − 1)². वर्ग काही ऋण होत नाही, त्यामुळे कंस 9 च्या वर जाऊच शकत नाही. x = 1 घेतला की तो नेमका 9 होतो आणि f(1) = 2. हीच कमाल किंमत.

खालच्या बाजूला मात्र तळ नाही. x = 3.9 घेतला तर कंस 0.59 आणि लॉग सुमारे −0.48; x = 3.999 ला लॉग थेट −4.66 च्या आसपास. 4 च्या जितकं जवळ जाल तितकं खोल. कंस 0 ते 9 मधली प्रत्येक किंमत घेतो, म्हणून मधे कुठे खंडही पडत नाही. रेंज (−∞, 2].

कंसात x² − 2x + 10 असेल, तर तो (x − 1)² + 9 आहे, डोमेन सगळ्या वास्तव संख्या, रेंज [2, ∞).

अपूर्णांकाची खोडी वेगळीच. g(x) = log₃((x − 1)/(x + 3)) दिसताच हात शिवशिवतात आणि त्याचे log₃(x − 1) − log₃(x + 3) असे दोन तुकडे होतात. मग फक्त x > 1 उरतं. पण x = −5 घालून पाहा: −6 भागिले −2 म्हणजे 3, लॉग 1. अंश आणि छेद दोन्ही ऋण असले तरी भागाकार धनच, त्यामुळे x < −3 हा भागही डोमेनमध्ये येतो. तुकडे करणाऱ्याने तो परस्पर गमावला.

आणि रेंज? हा अपूर्णांक म्हणजे 1 − 4/(x + 3). तो कधीच 1 होत नाही, म्हणून लॉग कधीच 0 होत नाही. बाकी सगळं मिळतं. x < −3 असताना उत्तरं धन, x > 1 असताना ऋण.

पहिल्याच उदाहरणात पाया 3 ऐवजी 1/3 घ्या आणि रेंज काढून ठेवा. पुढच्या आठवड्यात तिथूनच सुरुवात करू.