चित्रातला छोटा गोल

संगणकशास्त्राच्या पेपरात सर्किटचं चित्र देऊन सत्यता सारणी लिहायला सांगतात, तेव्हा मार्क जातात ते बहुधा एका छोट्या गोलापायी. इंग्रजी D च्या आकाराचं चिन्ह म्हणजे अँड गेट. त्याच्या टोकाला गोल आला की ते नँड होतं आणि उत्तर उलटतं. नँड फक्त दोन्ही इनपुट 1 असतील तेव्हाच 0 देतं, एरवी 1.

नेहमी येणारं चार नँडचं सर्किट घ्या. A आणि B पहिल्या गेटमध्ये जातात. त्याच्या आउटपुटला P म्हणू. A आणि P मिळून Q, B आणि P मिळून R, शेवटी Q आणि R मिळून Y. चित्रावरच ही नावं पेन्सिलीनं लिहावीत आणि प्रत्येकाला सारणीत वेगळा रकाना द्यावा. थेट Y काढण्याचा मोह इथे घात करतो.

| A | B | P | Q | R | Y |
|---|---|---|---|---|---|
| 0 | 0 | 1 | 1 | 1 | 0 |
| 0 | 1 | 1 | 1 | 0 | 1 |
| 1 | 0 | 1 | 0 | 1 | 1 |
| 1 | 1 | 0 | 1 | 1 | 0 |

इनपुट वेगवेगळे असतील तरच Y 1, म्हणजे हे एक्सॉर. फक्त शेवटचा गोल नजरेतून सुटला तर Y चा रकाना 1, 0, 0, 1 असा नेमका उलटा येतो. सगळेच सुटले तर शेवटच्या ओळीतच 1 उरतो.

तारांचंही तसंच. दोन तारा एकमेकींवरून जातात तिथे ठळक ठिपका असेल तरच त्या जोडलेल्या. छपाई पुसट असली की हा ठिपका हरवतो, आणि परीक्षकांनी चित्र देताना एवढं तरी तपासायलाच हवं.