गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

गाडी सिग्नलला उभी आहे, व्हॉल्यूम शून्यावर आहे, तरी दारातल्या ट्वीटरमधून बारीक ‘स्स्स’ येतच राहतं. गाणं मोठं केलं की गायिकेचा ‘स’ चिरकतो. दोष स्पीकरच्या माथी मारला जातो. नवे स्पीकर बसवूनही तक्रार तीच राहते, कारण अनेकदा खोट असते ती सीटखालच्या अ‍ॅम्पवरच्या गेनच्या छोट्या नॉबमध्ये.

हा नॉब आवाज वाढवण्यासाठी नसतो. डॅशबोर्डवरचा स्टिरिओ आरसीए वायरमधून अ‍ॅम्पला सिग्नल देतो. कुणाचा 2 व्होल्टपर्यंत, कुणाचा 4. किती व्होल्ट आले की पूर्ण ताकद लावायची, एवढंच गेन ठरवतो. म्हणूनच काही अ‍ॅम्पवर नॉबच्या एका टोकाला 6 व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला 0.2 असं छापलेलं असतं. नॉब 0.2 कडे पिळला की जरा कुठे सिग्नल आला, तोच अ‍ॅम्पची ताकद संपते. पुढे द्यायला व्होल्टच उरत नाहीत, मग ध्वनिलहरींचे माथे सपाट कापले जातात. हेच क्लिपिंग, यातच नाजूक ट्वीटरची कॉइल तापून जळते. शिवाय एरवी ऐकूही न येणारी सिग्नलमधली सरसर तितक्याच पटीने मोठी होते.

गेन कानाने नव्हे, मल्टिमीटरने लावावा. समजा, अ‍ॅम्प चॅनेलमागे 50 वॅटचा आहे आणि स्पीकर 4 ओहमचे. 50 गुणिले 4 म्हणजे 200. त्याचं वर्गमूळ साधारण 14.1. अ‍ॅम्पमधून एवढेच व्होल्ट निघायला हवेत. त्यासाठी आधी स्पीकरच्या वायरी काढायच्या, बेस-ट्रेबल मध्यावर आणायचं, बेस बूस्ट बंद करायचा आणि गेन अगदी कमी ठेवायचा. मग 1000 हर्ट्झचा, शून्य डेसिबलला रेकॉर्ड केलेला टेस्ट टोन लावून स्टिरिओचा व्हॉल्यूम पाऊण, म्हणजे 40 पैकी 30 वर न्यायचा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याचे प्रोब अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावायचे आणि नॉब हळूहळू फिरवत 14 च्या आसपास थांबायचं.

हे 50 वॅट आरएमएस हवेत. खोक्यावर ठळक छापलेले ‘मॅक्स’ वॅट धरले, तर सगळा हिशेब चुकतो. मल्टिमीटरला क्लिपिंग दिसत नाही, ते ऑसिलोस्कोपवरच दिसतं. साधे मीटर 1000 हर्ट्झला आकडाही चुकवतात. तेव्हा नॉब किंचित मागेच ठेवलेला बरा.

एवढं करूनही आवाज येत असेल, तर इंजिनाचा वेग वाढवून पाहावा. वेगाबरोबर सूर चढत गेला, तर ती अल्टरनेटरची घरघर आहे. तिथे अर्थिंग तपासावं लागतं, गेन कमी करून ती जात नाही.

नंतर कुणी बेस बूस्ट 6 डेसिबलने वाढवला, तर त्या सुरांपुरते व्होल्ट दुप्पट लागतात, 14 चे 28. ते या अ‍ॅम्पकडे नाहीत. बूस्ट ठेवायचाच असेल, तर गेन पुन्हा खाली आणावा लागतो.