पडवीची पायरी आणि रोजची क्वार्टर

महाड-पोलादपूरकडे पावसाळ्यात म्हातारं माणूस पडलं की घरचे एकच कारण सांगतात: शेवाळ. ते खोटं नाही. आषाढ-श्रावणात सावित्रीच्या खोऱ्यात जांभ्याच्या पायऱ्या हिरव्यागार आणि बुळबुळीत होतात. पण त्याच पायरीवरून शाळकरी पोरंही घसरतात. त्यांचं ढोपर खरचटतं आणि ती उठून पळतात. सत्तरीचा माणूस मात्र कुशीवर पडतो आणि त्याचं खुब्याचं हाड मोडतं. हे वयामुळे, असं आपण म्हणतो. बऱ्याच पुरुषांच्या बाबतीत ते उत्तर अपुरं असतं.

पोलादपूरच्या एखाद्या वाडीतला असा माणूस डोळ्यांसमोर आणू. उमेदीची वर्षं मुंबईत गेली, आता गावी शेती. रोज संध्याकाळी एक क्वार्टर, तीही तीस वर्षं. त्याला कोणी दारुडा म्हणत नाही, कारण तो तोल सोडत नाही. त्याच्या क्वार्टरचा हिशेब करू. बाटली 180 मिलीची, तिच्यावर 42.8 टक्के छापलेलं. त्यात शुद्ध अल्कोहोल सुमारे 60 ग्रॅम भरतं. वैद्यकीय मोजमापात एक युनिट साधारण 10 ग्रॅमचं, म्हणजे क्वार्टरला सहा युनिटं. हाड मोडण्याचा धोका काढण्यासाठी जगभर डॉक्टर फ्रॅक्स नावाचं गणित वापरतात. त्यात दारूचा रकाना भरला जातो तो रोजच्या तीन युनिटांपासून. म्हणजे अर्ध्या क्वार्टरलाच, नव्वद मिलीलाच, हा माणूस त्या रकान्यात आला.

दारू हाडाचं काय करते, ते भाताच्या खाचरावरून समजतं. पावसात बांध थोडा खचतो आणि शेतकरी दरवर्षी त्यावर माती चढवतो. हाडातही काही पेशी जुनं हाड खरवडून काढतात आणि दुसऱ्या पेशी ती जागा भरतात. दारू या भरणाऱ्या पेशींनाच मंद करते. खरवडणं चालूच राहतं, भरणं मागे पडतं. त्यात सततच्या पिण्याने यकृत बिघडलं की ड जीवनसत्त्वाचं काम अडतं. पुरुषांचं हाड टिकवणारं टेस्टोस्टेरॉन घटतं. संध्याकाळी पोट दारू-चखण्यानेच भरलं की जेवण राहून जातं आणि प्रथिनं, कॅल्शियमही कमी पडतं. यातलं काहीच दुखत नाही. साध्या एक्स-रेवरही झीज लवकर उमटत नाही, जवळपास तीस टक्के खनिज गेल्यावर ती दिसते. डेक्सा तपासणीत आधी कळते, पण ठिसूळ हाडं हा बायकांचा आजार समजून पुरुषांना त्या तपासणीला सहसा कोणी पाठवत नाही.

पोकळ झालेलं हाड पडल्याशिवाय सहसा मोडत नाही, आणि पाडण्याचं कामही दारूच करते. वर्षानुवर्षांच्या पिण्याने लहान मेंदू झिजतो आणि पाय फाकवून चालण्याची सवय लागते. तळपायाच्या नसा बधिर होतात, त्यामुळे पायरीचा काठ पायाला कळत नाही. मांड्यांचे स्नायू वाळतात. मग रात्र येते. दारूने लघवी वाढलेली, माणूस दोन वाजता अंधारात उठतो, उभं राहताच रक्तदाब खाली येतो, आणि समोर ओली पायरी. तरणा माणूस पडताना हात टेकतो. याचा हात वेळेवर पुढे येत नाही, सगळा भार खुब्यावर येतो.

पडल्यावर जांघेत कळ, पाय आखूड आणि बाहेर वळलेला, ताठ पाय उचलता न येणं, ही खूण दिसली तर चोळू नये, उभं करू नये. शस्त्रक्रिया शक्यतो 48 तासांत व्हावी लागते. आणि इथेच एक गोष्ट नेहमी चुकते. रुग्णालयात अचानक दारू तुटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, माणूस बडबडतो, भिंतीवर नसलेली माणसं बघतो, सलाईन उपसून उठायला जातो. नातेवाइकांना वाटतं भुलीचा परिणाम, नाहीतर बाहेरचं काही लागलं. हा झटका जिवावर बेतू शकतो. रोजच्या पिण्याचं डॉक्टरांना आधी माहीत असेल तर तो औषधांनी आवरता येतो, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनंही वेळेत देता येतात.

सोडून उपयोग काय, असं सत्तरीत विचारलं जातं. उपयोग आहे. दारू थांबल्यावर भरणाऱ्या पेशी काही आठवड्यांत पुन्हा कामाला लागतात, हे रक्ताच्या तपासणीत दिसतं. गेलेली घनता मात्र फार सावकाश, आणि अपुरीच, भरून येते. तोल आणि पायातलं बळ त्यापेक्षा आधी सुधारतं. फक्त रोज पिणाऱ्याने दारू डॉक्टरांच्या देखरेखीत सोडावी, घरी एका रात्रीत नव्हे.

भरती करताना डॉक्टर विचारतात, घेतात का? सून खाली बघते, मुलगा म्हणतो, कधीमधी. तिथे "रोज एक क्वार्टर, काल संध्याकाळपर्यंत" एवढं एक वाक्य हवं असतं.