आडव्या वाऱ्यात विमान तिरकं का उतरतं?

विमानतळावर वारा धावपट्टीच्या बाजूने आडवा वाहत असला, की उतरणारं विमान लांबून पाहताना चुकीच्या दिशेला तोंड करून आल्यासारखं वाटतं. नाक एकीकडे, प्रवास दुसरीकडे. वैमानिक या पद्धतीला क्रॅब म्हणतात. वाहत्या नदीत पलीकडचा घाट नेमका गाठायचा असेल, तर नावाडी होडीचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला वळवून ठेवतो, तसंच हे.

किती वळवायचं, हे वाऱ्यावर आणि विमानाच्या वेगावर ठरतं. समजा, जेट विमान १४० नॉट वेगाने, म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटरने, उतरतंय आणि उजवीकडून २५ नॉटचा आडवा वारा आहे. मग नाक साधारण १० अंश उजवीकडे ठेवलं की विमान धावपट्टीच्या मधल्या रेषेवरून सरळ येतं. पंख समतल राहतात आणि प्रवाशांना फारसं काही जाणवत नाही. हवेत असेपर्यंत ही पद्धत उत्तमच.

अडचण चाकांची आहे. ती विमानाच्या नाकाच्या दिशेनेच फिरतात. १० अंश तिरकं विमान कोरड्या धावपट्टीवर टेकलं, तर टायर घासतात, लँडिंग गिअरवर आडवा ताण येतो आणि विमान झटक्याने वळतं. म्हणून टेकण्याच्या जेमतेम आधी, नाक किंचित उचलून उतरण्याचा वेग कमी करताना, वैमानिक डावा रडर दाबून नाक रेषेवर आणतो. पण नाक डावीकडे फिरताना उजवा पंख पुढे झपाट्याने सरकतो, त्याखालची उचल वाढते, वाराही त्याच बाजूने रेटतो आणि तो पंख वर उठू लागतो. त्याला दाबून धरायला त्याच क्षणी एलेरॉन उजवीकडे द्यावे लागतात. रडर लवकर दाबला, तर नाक सरळ होतं, पण वारा विमानाला डावीकडे वाहून नेऊ लागतो. उशीर झाला, तर चाकं तिरकीच टेकतात. सगळं कसब या दोन-तीन सेकंदांत आहे.

दुसरी पद्धत साइडस्लिपची. यात वाऱ्याकडचा पंख खाली झुकवायचा आणि विरुद्ध बाजूचा रडर देऊन नाक सरळ धरायचं. झुकलेलं विमान वाऱ्याच्या दिशेने सरकू पाहतं, वारा त्याला उलट ढकलतो आणि दोन्ही एकमेकांना पुरून उरतात. वाऱ्याकडचं एक चाक आधी टेकतं, मग दुसरं. सेसना १७२ सारख्या छोट्या विमानात शिकणाऱ्यांना ही पद्धत सोयीची पडते, कारण नाक आधीच सरळ असतं आणि शेवटच्या क्षणाची घाई उरत नाही. मोठ्या जेटचं मात्र तसं नाही. पंखांखाली लटकलेली इंजिनं आणि लांब पंख यांमुळे थोड्याच झुकावात इंजिन किंवा पंखाचं टोक जमिनीला लागू शकतं. शिवाय लांबवर तिरपं उडणं प्रवाशांनाही नकोसं होतं.

म्हणून मोठ्या विमानांचे वैमानिक दोन्हींचा मेळ घालतात. क्रॅबमध्ये यायचं, शेवटी नाक बरंचसं सरळ करायचं आणि वाऱ्याकडचा पंख थोडा खाली ठेवायचा. वारा जोरदार असेल तर क्रॅब पूर्ण काढतही नाहीत. एअरबसच्या मार्गदर्शनात टेकताना सुमारे ५ अंश क्रॅब आणि ५ अंश झुकाव चालतो. निसरड्या धावपट्टीवर तर थोडा क्रॅब ठेवून टेकणं बरं पडतं. तिथे टायर घसरतात, त्यामुळे ताण कमी येतो आणि विमान वाऱ्याच्या खालच्या बाजूला वाहवत जात नाही.

हे गणित किती नाजूक आहे, ते १ मार्च २००८ रोजी जर्मनीत हॅम्बुर्गला दिसलं. एमा वादळाच्या दिवशी लुफ्तान्साचं एअरबस ए३२० धावपट्टी २३ वर उजवीकडचा वारा अंगावर घेत उतरत होतं. झोत ४७ नॉटपर्यंत जात होते. या विमानाच्या चाचण्यांत दाखवलेला आडवा वारा ३३ नॉट होता, झोतांसह ३८. क्रॅब काढताना उजवा पंख उठला, डावं मुख्य चाक आधी टेकलं आणि डाव्या पंखाचं टोक धावपट्टीला घासलं. वैमानिकांनी ताबडतोब विमान पुन्हा वर घेतलं. कुणालाही इजा झाली नाही. तपासात एक गोष्ट पुढे आली: एक मुख्य चाक टेकताच विमानाच्या संगणकाने स्वतःला जमिनीवर समजून एलेरॉनचा परिणाम मर्यादित केला होता. पंख सावरायला सर्वाधिक जोर हवा होता, तेव्हाच तो कमी मिळाला.

त्यानंतर तेच विमान धावपट्टी ३३ वर सुखरूप उतरलं. तिथे वारा बराचसा समोरून येत होता, त्यामुळे आडवा भाग खूपच कमी होता. माझ्या मते आडव्या वाऱ्यातला पहिला निर्णय क्रॅब की साइडस्लिप हा नसतोच. त्याआधी कोणती धावपट्टी घ्यायची आणि कोणत्या झोतापलीकडे उतरायचं नाही, हे ठरवायचं असतं. तुमचं विमान जमिनीजवळ येऊन पुन्हा वर गेलं, तर वैमानिकाने हाच निर्णय वेळेवर घेतला, असं समजा.