एक्सप्लेनर : टीम ऑफसाइटची तारीख ठरवताना सर्वाधिक मतांची तारीखच का चुकते? रजा, प्रवास आणि पोलचं गणित समजून घ्या

गोरेगाव (जि. गोंदिया) : ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार तारखांचा पोल पडतो. संध्याकाळपर्यंत एका तारखेला भरपूर मतं मिळतात आणि ती जाहीर होते. आठवड्याभरात मात्र कुणी म्हणतं, परतीचं तिकीट मिळत नाही; कुणी म्हणतं, घरचं धान अजून शेतातच आहे. मतं तर सगळ्यांनी दिली होती, मग गडबड कुठे झाली? एका उदाहरणातून पाहू.

समजा, 14 जणांची टीम आहे

टीमचं मुख्य ऑफिस गोरेगावात. 9 जण गोरेगाव-गोंदियाचे, 2 नागपूरचे, 2 मुंबईचे आणि 1 पुण्याचा. जागा ठरली आहे, तिरोडा तालुक्यातल्या बोदलकसा जलाशयाचा परिसर. बैठक शुक्रवारी दुपारी सुरू होऊन शनिवारी सकाळी संपणार. साल 2026, दिवाळीनंतरचे दिवस. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. त्यामुळे समोर चार पर्याय येतात : 20-21 नोव्हेंबर, 27-28 नोव्हेंबर, 4-5 डिसेंबर आणि 11-12 डिसेंबर.

पोल कधी टाकायचा?

याचं उत्तर रेल्वेच्या नियमात आहे. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आली. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने येणारा सहकारी बुधवारी रात्री निघाला, तर गुरुवारी संध्याकाळी गोंदियात उतरतो. म्हणजे पहिल्या पर्यायासाठी त्याला 18 नोव्हेंबरला निघावं लागेल, आणि त्या दिवसाचं आरक्षण 19 सप्टेंबरला उघडेल. तारीख त्याआधी पक्की झाली, तर चारही पर्याय खऱ्या अर्थाने खुले राहतात.

14 सप्टेंबरला गणेश चतुर्थी आहे. त्यानंतर ग्रुपवर उत्तरं मिळणं अवघड. म्हणून वेळापत्रक असं बसतं : सोमवारी 7 सप्टेंबरला पोल, गुरुवारी 10 तारखेला बंद, शुक्रवारी 11 ला निर्णय. चार दिवस पुरेसे आहेत. मुदत लांबवली की आधी मत दिलेल्यांच्या रजेचे बेत बदलू लागतात.

प्रश्न कसा विचारायचा?

‘4-5 डिसेंबरला जमेल का?’ या प्रश्नाला मुंबईचे दोघेही सहज ‘हो’ म्हणतील, कारण ते दोन दिवस मोकळेच आहेत. पण त्यांना विदर्भ एक्सप्रेसने गुरुवारी संध्याकाळी निघून रविवारी सकाळी घरी पोहोचायचं आहे. शनिवारी, 5 डिसेंबरला, विदर्भातून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांमध्ये 6 डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीला निघालेल्यांची प्रचंड गर्दी असते. यंदा 6 डिसेंबर रविवारी आल्याने ऑफिसच्या रजेच्या तक्त्यात तो दिवस डोळ्यांत भरतही नाही.

म्हणून प्रत्येकाला त्याच्या घरापासून घरापर्यंतचा काळ विचारायचा. मुंबईकरांसाठी तो गुरुवार संध्याकाळ ते रविवार सकाळ आहे. पुण्याचा सहकारी रविवारी सकाळी गोंदियाहून निघाला, तर त्याच्यासाठी बुधवार रात्र ते सोमवार सकाळ. गोरेगावच्या माणसासाठी शुक्रवार-शनिवार पुरतो.

उत्तरं दोन नव्हे, तीन ठेवा

व्हॉट्सॲप पोलमध्ये 12 पर्यंत पर्याय देता येतात आणि `Allow multiple answers` सुरू असेल तर एकाहून जास्त तारखा निवडता येतात. पण तिथे न निवडलेल्या तारखेचा अर्थ कळत नाही. त्याला जमणारच नाही, की त्याने पोल नीट पाहिलाच नाही? शिवाय कुणी काय निवडलं हे सगळ्यांना दिसतं. साहेबांनी आधी मत दिलं की बाकीची मतं तिकडेच झुकतात.

त्याऐवजी गुगल फॉर्ममधला `Multiple-choice grid` वापरा. ओळींमध्ये चार तारखा आणि स्तंभांमध्ये तीन उत्तरं : ‘जमेल’, ‘ओढाताण होईल’, ‘नाही’. `Require a response in each row` सुरू केलं की एकही तारीख कोरी सोडता येत नाही. आणि कारण विचारू नका. रजा दवाखान्यासाठी आहे की लग्नासाठी, हे तारीख ठरवायला लागत नाही. कुणी आपणहून सांगितलं तर गोष्ट वेगळी.

निकाल कसा वाचायचा?

आपल्या उदाहरणात 14 जणांची उत्तरं अशी आली असं धरू :

- 20-21 नोव्हेंबर : जमेल 8, ओढाताण 3, नाही 3
- 27-28 नोव्हेंबर : जमेल 9, ओढाताण 4, नाही 1
- 4-5 डिसेंबर : जमेल 10, ओढाताण 0, नाही 4
- 11-12 डिसेंबर : जमेल 7, ओढाताण 4, नाही 3

नुसते ‘जमेल’ मोजले तर 4-5 डिसेंबर जिंकते. पण त्या दिवशी चौघे येणारच नाहीत : मुंबईचे दोघे आणि चैत्यभूमीला जाणारे गोरेगावचे दोघे. साधा पोल असता तर मुंबईच्या दोघांची मतंही याच तारखेला पडून आकडा 12 झाला असता, आणि अडचण तिकीट काढताना कळली असती.

म्हणून वाचन ‘नाही’पासून सुरू करायचं. सर्वांत कमी ‘नाही’ 27-28 नोव्हेंबरला आहेत. इथे एक तपासणी लागते. ज्यांच्याशिवाय बैठक होऊच शकत नाही अशा दोन-तीन जणांची यादी पोलच्या आधी लिहून ठेवलेली असावी. निकाल पाहून यादी केली तर ती आवडत्या तारखेच्या सोयीने बनते. तो एक ‘नाही’ या यादीत नसेल, तर तारीख ठरली.

आता उरले ओढाताणीचे चौघे. इथल्या भागात नोव्हेंबरमध्ये धानाची कापणी-मळणी सुरू असते आणि दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाच्या मंडईचा दिवस वेगळा, त्यामुळे ती छापील सुट्ट्यांच्या यादीत सापडत नाही. या चौघांना एकेकाला फोन करा. कुणाला शुक्रवारी थोडं उशिरा येऊ दिलं तरी प्रश्न सुटतो. न येणाऱ्यालाही निकाल जाहीर होण्याआधी स्वतः कळवा.

शिक्कामोर्तब कसं करायचं?

पोलचा निकाल म्हणजे निर्णय नव्हे. निर्णय एका वेगळ्या मेसेजमधून जावा :

‘ऑफसाइट निश्चित : शुक्रवार 27 ते शनिवार 28 नोव्हेंबर, बोदलकसा. सुरुवात शुक्रवारी दुपारी 2, समारोप शनिवारी सकाळी 10. बाकी तीन तारखा रद्द, त्या दिवशीच्या रजा मोकळ्या. जाण्याचं आरक्षण उघडणार : पुणे 26 सप्टेंबर, मुंबई 27 सप्टेंबर. परतीचं : मुंबई 29 सप्टेंबर, पुणे 30 सप्टेंबर. मेसेज वाचल्याचं सोमवारपर्यंत कळवा.’

यातलं ‘बाकी तारखा रद्द’ हे वाक्य विसरू नका. अनेकांनी चारही आठवडे अडवून ठेवलेले असतात. मेसेज ग्रुपवर पिन करा आणि रिसॉर्टकडे दोन तारखा धरून ठेवल्या असतील तर दुसरी त्याच दिवशी सोडा. पोलमध्ये ‘जमेल’ लिहिणं म्हणजे रजेचा किंवा ड्युटीचा अर्ज नव्हे, तो वेगळा भरावा लागतो.

तारीख पुन्हा कधी उघडायची, हेही आधीच ठरवा : जागा रद्द झाली, किंवा यादीतला माणूस अडकला तरच. तेव्हाही नवा पोल नको. त्याच तक्त्यातली पुढची तारीख बघा. इथे 20-21 नोव्हेंबर आणि 11-12 डिसेंबर या दोन्ही तारखांना तीन-तीन ‘नाही’ आहेत. अशा बरोबरीत ‘जमेल’ जास्त असलेली, म्हणजे 20-21 नोव्हेंबर, आधी तपासायची.