सरासरीत हरवलेली रात्रपाळी

कॉल सेंटरमध्ये कर्मचाऱ्यांचं मन कामात किती आहे, हे जोखायला सर्व्हे होतो. अहवालाच्या पहिल्या पानावर एकच आकडा असतो: समजा, पाचपैकी 3.7. त्याखाली सर्वांत कमी गुणांचा प्रश्न, बहुधा पगाराचा. चर्चा तिथेच अडकते. पण पगारावर राहणारेही नाराज आणि जाणारेही तितकेच नाराज असतील, तर माणूस का टिकतो याचं उत्तर त्या प्रश्नात सापडणार नाही. या दोघांची उत्तरं नेमकी कुठे वेगळी पडतात, हे शोधायला हवं. आणि तेही टीमनुसार.

पुण्यातलं एक काल्पनिक सेंटर घेऊ. दिवसा बँकेच्या ग्राहकांचे फोन, रात्री अमेरिकेतले. सर्व्हेत दोन प्रश्न आहेत: रोस्टर वेळेवर मिळतं का, आणि वर्षभरानंतरही इथेच असाल का? रात्रपाळीतल्या 60 जणांपैकी 30 जण म्हणतात, रोस्टर वेळेवर मिळतं. त्यांतल्या 24 जणांना राहायचंय. मिळत नाही म्हणणाऱ्या 30 जणांत असे फक्त 11. दिवसपाळीत मात्र फरकच नाही: ‘मिळतं’ म्हणणाऱ्या 60 पैकी 42, ‘मिळत नाही’ म्हणणाऱ्या 30 पैकी 21, दोन्हीकडे 70 टक्के. सगळ्यांची बेरीज केली की 73 टक्के विरुद्ध 53 टक्के दिसतात. म्हणजे रोस्टर सगळ्यांनाच थोडंफार बोचतंय असं वाटतं, जे दोन्ही पाळ्यांबाबत खोटं आहे. रात्री जागणाऱ्याला झोप, घर, मुलांची शाळा हे सगळं रोस्टरवर बसवावं लागतं. त्याचं हे दुखणं सरासरीत बुजून जातं, आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

मग प्रत्येक टीम लीडरच्या हाताखालच्या पंधरा जणांचं वेगळं विश्लेषण करावं का? तिथे हात आखडता घ्यावा. पंधरा उत्तरांत दोघांनी मत बदललं तरी चित्र पालटतं. संख्याशास्त्राच्या भाषेत, एवढ्या लोकांत 0.5 इतका सहसंबंध आढळला, तरी खरा सहसंबंध जवळजवळ शून्यापासून 0.8 पर्यंत कुठेही असू शकतो. शिवाय इतक्या लहान गटात कोण काय बोललं हे ओळखू येतं, आणि पुढच्या वेळी कुणी खरं लिहीत नाही. म्हणून एकाच पाळीच्या, एकाच प्रकारच्या कामाच्या टीम एकत्र कराव्यात.

आणखी एक फसगत होते. वैतागलेला माणूस सगळ्याच प्रश्नांना कमी गुण देतो. ती ओळखायची सोपी खूण म्हणजे कँटीनचा प्रश्न. जायला निघालेल्यांचे कँटीनचे गुणही रोस्टरइतकेच घसरलेले असतील, तर आपण कारण नव्हे, नुसता मूड मोजलाय. कँटीनचे गुण स्थिर असतील, तर रोस्टर खरोखर कोणत्या तारखेला लागलं आणि नंतर किती वेळा बदललं, याची नोंद काढावी. मग रात्रपाळीच्या निम्म्या टीमना तीन महिने रोस्टर दोन आठवडे आधी द्यावं आणि दोन्हीकडचे राजीनामे व गैरहजेरी ताडून पाहावी.